चेक बाउन्सच्या नोटिशीचा मराठी अनुवाद : रक्कम, तारीख आणि मागणी जशीच्या तशी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात चेक परत आला की नोटीस निघते ती बहुधा इंग्रजीत, कधी कन्नडात. ज्याच्या नावाने ती निघते तो मात्र पुष्कळदा मराठी शाळेत शिकलेला दुकानदार किंवा शेतकरी असतो. म्हणून हल्ली बरेच वकील मूळ नोटिशीसोबत त्याच पाकिटात मराठी अनुवाद घालतात. कायद्यात भाषेची अट नाही, नोटीस लेखी असली म्हणजे झाले. पण पुढे कोर्टात ‘मला काय लिहिलंय तेच कळलं नाही’ ही तक्रार नको, हा त्यामागचा हेतू.

गोची अशी की अनुवाद पाकिटात गेला की नोटीस घेणाऱ्याच्या हातात दोन कागद पडतात. दोन्हींत एकच रक्कम, एकच मुदत, एकच मागणी असेल तर ठीक. नाही तर आरोपीच्या वकिलाला उलटतपासणीत विचारायला आयता प्रश्न मिळतो : नक्की कोणती रक्कम मागितली होती? हा लेख अशा, मूळ नोटिशीबरोबर जाणाऱ्या अनुवादाबद्दल आहे.

आधी कायद्यातले तीन आकडे

कायद्याचे मराठी नाव परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१. कोर्टाच्या आवारात कोणी तसे म्हणत नाही, ‘एनआय ॲक्टचं १३८’ म्हणतात. अनुवादात पूर्ण नाव, साल आणि कलमाचा क्रमांक तिन्ही लिहावेत. नावाचे मराठी रूप लोक वेगवेगळे लिहितात, पण साल आणि क्रमांक असले की घोटाळा होत नाही.

कलम १३८ नुसार चेक न वटल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस देऊन चेकच्या रकमेची मागणी करावी लागते. ही मुदत पूर्वी १५ दिवसांची होती, २००२ च्या दुरुस्तीने ती ३० झाली. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत चेक देणाऱ्याने रक्कम दिली नाही तर गुन्हा पूर्ण होतो. त्यानंतर फिर्याद दाखल करायला कलम १४२ प्रमाणे एक महिना मिळतो.

तीस दिवस, पंधरा दिवस, एक महिना. कायद्याने पहिल्या दोन ठिकाणी दिवस म्हटले आहेत आणि तिसऱ्या ठिकाणी महिना. अनुवाद करताना हात आपोआप ‘३० दिवस’ला ‘एक महिना’ करतो, कारण बोलण्यात दोन्ही एकच. इथे ते एक नाहीत. मे महिना ३१ दिवसांचा आणि फेब्रुवारी २८ चा, एवढ्या फरकावर प्रकरण मुदतबाह्य ठरू शकते. मूळात दिवस असतील तर दिवस, महिना असेल तर महिना.

‘पंधरवडा’ हा शब्द तर नोटिशीत नकोच. आपल्याकडे तो ढोबळ आहे, आणि त्याचा इंग्रजी जोडीदार ‘फोर्टनाइट’ म्हणजे मोजून चौदा दिवस. जुन्या मराठी नोटिसांत ‘पंधरा रोजात’ असे सापडते. अर्थाने ते बरोबर आहे, पण आजच्या वाचणाऱ्यासाठी ‘१५ (पंधरा) दिवसांच्या आत’ हेच लिहावे.

एक प्रकरण घेऊ

रविवार पेठेतला एक घाऊक व्यापारी, त्याच्याकडून उधारीवर माल नेणारा नंदगडचा एक किराणा दुकानदार. माणसे आणि आकडे उदाहरणापुरते बेतलेले आहेत, पण घडण नेहमीचीच. एकूण बिले रु. ४,१२,३०० ची. त्यापोटी दुकानदाराने रु. ३,४७,५०० चा चेक दिला, क्रमांक ००४२१७. चेकवर तारीख ६ मे २०२५, पण चेक हातात दिला होता एप्रिलमध्ये, पुढची तारीख घालून. व्यापाऱ्याने १२ मे रोजी तो आपल्या बँकेत भरला. १४ मे तारखेच्या मेमोसह तो परत आला, कारण ‘खात्यात पुरेशी शिल्लक नाही’. मेमो व्यापाऱ्याच्या हातात पडला १६ मे रोजी. वकिलांनी २ जून २०२५ तारखेची इंग्रजी नोटीस तयार केली आणि त्याच दिवशी ती टपालात टाकायची आहे. तुमच्याकडे ती सकाळी आली आहे.

लगेच अनुवादाला बसू नका. आधी अशिलाकडून किंवा वकिलांच्या कारकुनाकडून चेकची दोन्ही बाजूंची झेरॉक्स, बँकेचा मेमो आणि बिलांची यादी मागून घ्या. फक्त नोटीस पाहून केलेला अनुवाद नोटिशीतली चूकही इमाने पुढे नेतो आणि ती चूक आहे हे कोणाला कळतही नाही.

मग एका कोऱ्या कागदावर नोटिशीतला प्रत्येक आकडा उतरवून काढा. वाक्ये नकोत, नुसते आकडे आणि ते कशाचे आहेत ते. वरच्या प्रकरणात यादी अशी होईल : बिलांची एकूण रक्कम, चेकची रक्कम अंकी, चेकची रक्कम अक्षरी, चेक क्रमांक, चेकवरची तारीख, चेक दिल्याची तारीख, भरल्याची तारीख, मेमोची तारीख, मेमो मिळाल्याची तारीख, मागणीची रक्कम, मुदतीचे दिवस, व्याजाचा दर, नोटीस खर्च, कलमांचे क्रमांक. प्रत्येकापुढे तो कुठल्या कागदावरून पडताळला ते लिहा. चेकची रक्कम चेकवरून, मेमोची तारीख मेमोवरून. नोटिशीवरून नाही.

चेक क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये गाळू नका. ००४२१७ आणि ४२१७ व्यवहारात एकच वाटतात, पण चेकवर छापलेले सहा अंक सहाच राहिले पाहिजेत. खाते क्रमांकाचेही तसेच.

रक्कम

चेकवर अंकी आणि अक्षरी रकमेत फरक असेल तर अक्षरी रक्कम धरावी, असे याच कायद्याचे कलम १८ सांगते. तो नियम चेकपुरता आहे. पण त्यातून एक सवय घेण्यासारखी आहे : अनुवादात रक्कम जिथे येते तिथे ती अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहा, आणि अक्षरी रक्कम अंकांवरून नव्याने न लिहिता चेकवरच्या शब्दांशी ताडून लिहा.

आपल्या भागात इथे खरी ठेच लागते. मराठी आकडा एकक आधी बोलतो, कन्नड आणि इंग्रजी दशक आधी. इंग्रजीत ‘फॉर्टी सेव्हन’, कन्नडात ‘नलवत्तेळु’, दोन्हींत आधी चाळीस आणि मग सात. मराठीत सत्तेचाळीस, आधी सात. दुभाषी घरातल्या आणि कन्नड माध्यमात शिकलेल्या टंकलेखकाच्या हातून सत्तेचाळीसचे चौऱ्याहत्तर होताना मी बघतो, आणि ३,४७,५०० चे ३,७४,५०० होतात. दुसरी अडचण ‘एकोण’ची. एकोणसाठ म्हणजे ५९, एकोणसत्तर ६९, एकोणऐंशी ७९. ज्याला खात्री नाही त्याने पाढ्याच्या पुस्तकात पाहावे, कानावर विसंबू नये. २०१९ मध्ये महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बासष्ट’ऐवजी ‘साठ दोन’ अशी वाचनपद्धत आली आणि त्यावर बरीच चर्चा झाली. पद्धत चांगली की वाईट तो विषय वेगळा, पण नोटिशीत ती वापरू नका. कोर्टात वाचणाऱ्याला रूढ शब्दच अपेक्षित असतो.

कोणी कन्नड नोटीस वाचून दाखवत असेल आणि तुम्ही ऐकून लिहीत असाल तर पाव-अर्ध्याच्या हिशेबाकडे कान द्या. कन्नडात ‘मूरूमुक्कालु लक्ष’ म्हणजे तीन आणि पाऊण, आपण त्याला पावणेचार लाख म्हणतो. पहिला शब्द कानावर तीन पडतो आणि मराठीत चार लिहायचे असतात. ‘ओंदूवरे’ म्हणजे दीड, ‘एरडूवरे’ म्हणजे अडीच. तोंडी बोलताना काहीही म्हणा, कागदावर मात्र दीड, अडीच, पावणे हे शब्द नकोत, पूर्ण आकडा लिहा. कन्नड अंकांत टाइप केलेली नोटीस असेल तर एक लक्षात ठेवा : कन्नड एक हा अंक जवळजवळ गोल असतो, घाईत तो शून्य वाटतो.

अंकांमधल्या स्वल्पविरामाकडेही बघा. काही बिले अशा सॉफ्टवेअरवर काढलेली असतात की ३,४७,५०० ऐवजी ३४७,५०० छापले जाते. अनुवादात आपली लाखाची पद्धत ठेवावी, पण अंक मोजून.

आता मुख्य मुद्दा. या नोटिशीत तीन रकमा फिरत आहेत : बिलांची एकूण रु. ४,१२,३००, चेकची रु. ३,४७,५०० आणि चेकबाहेरची बाकी रु. ६४,८००. शिवाय व्याज आणि नोटीस खर्च. कलम १३८ खालची मागणी फक्त चेकच्या रकमेची असते. सुमन सेठी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले की नोटिशीत चेकची रक्कम वेगळी दाखवून मागितली असेल, आणि त्याशिवाय व्याज, खर्च अशा रकमा स्वतंत्रपणे मागितल्या असतील, तर नोटीस बाद होत नाही. पण सगळे एकत्र गाठोडे बांधून मागितले आणि त्यात चेकचे किती हे कळेना, तर नोटीस टिकत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये कावेरी प्लास्टिक्स प्रकरणात न्यायालय आणखी कडक झाले. चेक एक कोटीचा होता, नोटिशीत दोन कोटी लिहिले गेले. टायपिंगची चूक आहे हे म्हणणे ऐकले गेले नाही. नोटिशीतली रक्कम चेकच्या रकमेशी तंतोतंत जुळलीच पाहिजे, असे ठरले.

म्हणून अनुवादात सर्वांत धोक्याचे शब्द आहेत ‘सदर रक्कम’. इंग्रजी मसुद्यात ‘सेड अमाउंट’ असते आणि त्याच्या आधीच्या परिच्छेदात चेकचीच रक्कम असते, त्यामुळे तिथे अर्थ स्पष्ट असतो. मराठीत वाक्यरचना बदलताना आपण थकबाकीचा उल्लेख पुढे ओढतो आणि ‘सदर’ जाऊन चिकटते ४,१२,३०० ला. अशा प्रकारे :

> तुमच्याकडे माझ्या अशिलाची एकूण रु. ४,१२,३००/- थकबाकी असून त्यापोटी दिलेला चेक न वटता परत आला आहे. सबब सदर रक्कम १५ दिवसांत द्यावी.

वाचायला एकदम सुरेख मराठी. पण मागणी कुठल्या रकमेची? साधा वाचक ४,१२,३०० च म्हणेल. असे लिहावे :

> सबब या नोटिशीद्वारे तुमच्याकडे मागणी करण्यात येते की, सदर चेक क्र. ००४२१७ ची रक्कम रु. ३,४७,५००/- (अक्षरी रुपये तीन लाख सत्तेचाळीस हजार पाचशे फक्त) ही नोटीस मिळाल्यापासून १५ (पंधरा) दिवसांच्या आत माझ्या अशिलास अदा करावी.

आणि बाकी रु. ६४,८००, व्याज, खर्च हे मूळ नोटिशीत वेगळ्या परिच्छेदात असतील तर अनुवादातही वेगळ्याच परिच्छेदात. दोन वाक्ये जोडून ‘व्याज व खर्चासह’ असे एका दमात लिहिण्याचा मोह आवरा. मराठीला लांब वाक्य शोभते हे खरे, पण इथे परिच्छेदांची मोडणी हाच अर्थाचा भाग आहे. मूळात परिच्छेद ७ असेल तर अनुवादातही ७.

मूळ इंग्रजीतच रकमा एकत्र झालेल्या दिसल्या तर? अनुवादात गुपचूप सुटसुटीत करू नका. वकिलांना फोन करा.

तारखा

०६/०५/२०२५ म्हणजे आपल्याकडे ६ मे. पण काही बँकांच्या आणि लेखा-सॉफ्टवेअरच्या छापील कागदांवर महिना आधी येतो. चेकवर दिवस, महिना, वर्ष यांसाठी चौकटी असतात, तिथून खात्री करा आणि अनुवादात महिना अक्षराने लिहा : ६ मे २०२५. त्याने जागा थोडी जास्त लागते, शंका मात्र उरत नाही. मराठी तिथी किंवा ‘गेल्या महिन्यात’, ‘चालू महिन्याच्या १४ तारखेस’ असली रूपे नकोत.

त्यानंतर प्रत्येक तारखेचे क्रियापद तपासा. ‘दिनांक ६ मे २०२५ चा चेक’ आणि ‘६ मे २०२५ रोजी दिलेला चेक’ हे दोन वेगळे दावे आहेत. आपल्या प्रकरणात चेक एप्रिलमध्येच दिला होता. अनुवादात ‘६ मे रोजी दिलेला’ असे गेले की दुकानदार सहज म्हणेल, त्या दिवशी मी गावातच नव्हतो, आणि ते खरेही असेल. शिवाय चेकची वैधता त्यावरच्या तारखेपासून मोजतात. १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेच्या निर्देशाने ती तीन महिने आहे.

मेमोच्या बाबतीतही तसेच. इंग्रजी नोटिशीत साधारण असे असते की, १४ मे २०२५ तारखेचा मेमो माझ्या अशिलास १६ मे २०२५ रोजी मिळाला. अनुवादात हे ‘१४ मे रोजी चेक परत आल्याचे कळले’ असे आटोपले जाते. आता गणित करून बघा. मुदत मोजताना पहिला दिवस सोडतात, हे सर्वोच्च न्यायालयाने साकेत इंडिया प्रकरणात १९९९ साली आणि नंतर इकॉन अंत्री प्रकरणात २०१३ साली स्पष्ट केले आहे. माहिती १६ मे रोजी मिळाली असेल तर १७ मे हा पहिला दिवस आणि १५ जून हा तिसावा. १४ मे धरला तर तिसावा दिवस १३ जून. इथे नोटीस २ जूनलाच जाते आहे म्हणून धोका नाही. पण १४ जूनला निघालेल्या नोटिशीत याच एका वाक्याने नोटीस मुदतीबाहेर गेल्याचे आपणच लिहून दिल्यासारखे होईल. दोन तारखा, दोन घटना, दोन्ही लिहायच्या.

नोटिशीतली पंधरा दिवसांची मुदत मिळाल्यापासून सुरू होते, नोटिशीवरच्या तारखेपासून नाही. अनुवादात ‘या नोटिशीच्या तारखेपासून’ असे झाले तर काय होते ते आपल्या प्रकरणात पाहू. नोटीस २ जूनची. दुकानदाराला ती ५ जूनला मिळाली. कायद्याने त्याला २० जूनपर्यंत वेळ आहे. चुकीच्या अनुवादाने तो १७ जूनला संपतो, म्हणजे कायद्याने दिलेले तीन दिवस आपण परस्पर कापले. खरा हिशेब असा : २० जूनपर्यंत पैसे आले नाहीत तर २१ जूनला फिर्यादीचे कारण घडते, आणि तिथून एक महिना, २१ जुलै २०२५ पर्यंत. २१ जूनच्या आधी दाखल केलेली फिर्याद टिकत नाही, हे २०१४ च्या योगेंद्र प्रताप सिंह निकालाने ठरले आहे.

हा हिशेब तुम्हाला आला पाहिजे, पण तो अनुवादात लिहायचा नाही. मूळात ‘मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत’ असेल तर अनुवादात ‘म्हणजे २० जूनपर्यंत’ अशी मदत करू नका. नोटीस कधी मिळेल हे टपालवाल्याशिवाय कोणालाच ठाऊक नसते. अशिलाला सांगायचेच असेल तर वेगळ्या कागदावर लिहून द्या.

आणि ‘आत’ हा शब्द सोडू नका. ‘१५ दिवसांनी’ म्हणजे पंधरा दिवस उलटल्यावर. ‘१५ दिवसांत’ बोलीत चालते. कन्नड नोटिशीतले ‘तलुपिद दिनांकदिंद १५ दिनगळ ओळगागि’ हे रूप मात्र अगदी नेमके आहे : पोचल्या तारखेपासून, १५ दिवसांच्या, आत. त्यातला एकही तुकडा गाळता येत नाही.

मागणी, धमकी आणि विनंती

‘कॉल अपॉन यू टु पे’ ही मागणी आहे. आपल्याकडे लेखी मराठीत सौजन्य म्हणून ‘विनंती करण्यात येते की’ लिहायची रीत आहे, विशेषतः दोन्ही पक्ष एकाच पेठेत बसणारे असले की. कलमात मागणी हा शब्द आहे, तेव्हा ‘मागणी करण्यात येते’ असेच लिहा. ‘तुम्हास’ की ‘आपणास’ हा प्रश्न वकिलांच्या शैलीचा, त्याने कायद्यात काही बिघडत नाही. फक्त सुरुवातीला जे धराल ते शेवटपर्यंत ठेवा.

उलट बाजूने, शिक्षेचे वाक्य अनुवादात फुगते. कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, असे आहे. ‘पर्यंत’ दोनदा आहे आणि ‘किंवा’ही दोनदा. ‘दोन वर्षांची कैद व दुप्पट रक्कम भरावी लागेल’ हा अनुवाद चुकीचा आहे. तो नंदगडच्या दुकानदाराला घाबरवेल, पण त्याच्या वकिलाला हसवेल.

चेक परत येण्याचे कारण मेमोवर जे आहे तेच. ‘फंड्स इन्सफिशियंट’ म्हणजे खात्यात पुरेशी शिल्लक नाही. ‘पेमेंट स्टॉप्ड बाय ड्रॉवर’ म्हणजे चेक देणाऱ्याने पैसे देणे थांबवले. ‘अकाउंट क्लोज्ड’ म्हणजे खाते बंद. ‘एक्सीड्स अरेंजमेंट’ म्हणजे बँकेशी ठरलेल्या मर्यादेपेक्षा रक्कम जास्त. सगळ्यांना मिळून ‘चेक बाउन्स झाला’ म्हणणे बोलायला ठीक, नोटिशीत नाही. कारण बदलले की बचाव बदलतो.

बँका दोन असतात हेही विसरू नका : ज्या बँकेवर चेक काढला ती आणि ज्या बँकेत तो वटवायला भरला ती. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक आपल्या खात्यातून वटवायला टाकला असेल तर आपले खाते ज्या शाखेत आहे त्या हद्दीतल्या कोर्टात फिर्याद चालते. सीमेवर याला महत्त्व आहे. चेक देणारा चंदगडचा, त्याची बँक महाराष्ट्रात, पण चेक घेणाऱ्याचे खाते बेळगावच्या शहापूरच्या शाखेत, तर कोर्ट बेळगावचे. अनुवादात दोन्ही बँकांची नावे शाखेसकट, आणि कोणती कशाची हे स्पष्ट लिहा.

नावे चेकवर आहेत तशी. दुकानाचे नाव, प्रोप्रायटरचे नाव, भागीदारी असेल तर भागीदारांची नावे, मूळ नोटिशीत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने. मराठी वळण देताना आडनावाचे शुद्धलेखन सुधारण्याची गरज नाही. पत्त्यात मूळ नोटीस ‘बेलगावी’ म्हणो वा ‘बेलगाम’, तुम्ही बेळगाव लिहा किंवा बेळगावी, पण अनुवादभर एकच. पाकिटावरचा पत्ता मात्र मूळ नोटिशीचाच.

पडताळणी

अनुवाद झाला की दुसऱ्या माणसाला मराठी मजकूर मोठ्याने वाचायला सांगा. आकडे सुटे सुटे : तीन, चार, सात, पाच, शून्य, शून्य. तुम्ही समोर सुरुवातीची आकड्यांची यादी धरा आणि टिक करत जा. मूळ नोटीस समोर धरली तर डोळा अर्थाकडे धावतो आणि अंक निसटतात. यादी समोर असली की अंकच दिसतात. त्यानंतर दुसरी फेरी फक्त ‘आत’, ‘पासून’, ‘पर्यंत’, ‘किंवा’, ‘सदर’ या शब्दांसाठी. प्रत्येक ‘सदर’पाशी थांबून विचारा, कोणते सदर? उत्तर एका क्षणात आले नाही तर नाम पुन्हा लिहा.

यादी करताना मूळ नोटीस आणि चेक यांतच फरक सापडला, समजा नोटिशीत ३,७४,५०० आहे, तर अनुवाद तिथेच थांबवा. अनुवादात बरोबर रक्कम टाकली तर दोन कागद दोन रकमा सांगतील. चूक तशीच ठेवली तर ती दुप्पट पक्की होईल. वकिलांना झेरॉक्स दाखवा, मूळ दुरुस्त होऊन नवी सही झाल्यावरच पुढे जा. नोटीस आधीच टपालात गेली असेल आणि नंतर अनुवाद मागितला असेल तर जसे आहे तसेच भाषांतरित करा आणि तळाशी अनुवादकाची टीप लिहा की मूळ मजकुरात असे आहे. मुदत शिल्लक असताना दुरुस्त नोटीस काढायची की चेक पुन्हा भरायचा, हे वकिलांनी ठरवायचे.

अनुवादाच्या शेवटी एक ओळ असावी : ‘हा वरील इंग्रजी नोटिशीचा मराठी अनुवाद असून दोन्हींत तफावत आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरावा.’ ती वकिलांच्या संमतीने घाला. त्या ओळीवर फार भिस्त मात्र ठेवू नका. ज्याला इंग्रजी येत नाही म्हणून अनुवाद पाठवला, त्यालाच इंग्रजी वाचून बघ म्हणणे कोर्टात फारसे शोभत नाही. अनुवादाच्या प्रत्येक पानावर पान क्रमांक, मूळ नोटिशीची तारीख आणि सही. ‘पान २ पैकी १’ असे लिहिले की मधले पान गळाल्याचा वाद राहत नाही.

पाकीट बंद होण्याआधी वकील शेवटच्या क्षणी मूळात एखादा आकडा बदलतात, बहुधा नोटीस खर्चाचा किंवा व्याजाचा. तेव्हा अनुवादावर पेनाने खाडाखोड न करता पान नव्याने छापा. जी प्रत टपालात गेली तिचीच झेरॉक्स, टपालाच्या पावतीसह, फाइलला लावा. संगणकातल्या फाइलच्या नावात तारीख आणि ‘अंतिम’ लिहून ठेवा, कारण पुढे बेळगावच्या जेएमएफसी कोर्टात फिर्यादीला जोडायला जी प्रत निघेल ती हीच असायला हवी.